शब्द मोजले, वेळ चुकली

१९८७ साली आलेल्या ‘पुष्पक’ या चित्रपटात एकही संवाद नाही. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा हा चित्रपट दोन तासांहून जास्त चालतो आणि त्यातल्या बोललेल्या शब्दांची संख्या शून्य आहे. दुसऱ्या टोकाला २०१०चा ‘द सोशल नेटवर्क’ आहे. आरोन सॉर्किन यांनी लिहिलेली त्याची पटकथा १६२ पानांची होती. एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, हा हॉलिवूडचा जुना हिशेब लावला तर चित्रपट पावणेतीन तासांच्या आसपास जायला हवा होता. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांनी सॉर्किन यांना समोर बसवून ती पटकथा मोठ्याने वाचायला लावली आणि वेळ मोजली. वाचन दोन तासांच्या आत संपले. तयार झालेला चित्रपटही दोन तासांचाच आहे, कारण त्यातली माणसे भराभर बोलतात.

या दोन चित्रपटांच्या मधल्या पट्ट्यात रोज शेकडो छोट्या संहिता लिहिल्या जातात. त्यात कृषी विभागाच्या माहितीफिती असतात, शाळेच्या प्रयोगांचे व्हिडिओ असतात, आरोग्यसेविकांच्या प्रशिक्षणाचे धडे असतात, पाककृती असतात. त्यांना बहुतेक वेळा ठरावीक लांबी दिलेली असते, ‘तीन मिनिटांच्या आत’ अशी. लेखक संगणकावर शब्द मोजतो, त्याला मिनिटाला दीडशेने भागतो आणि निर्धास्त होतो. पुढे संकलनाच्या टेबलावर त्याच संहितेची फीत पावणेदोन मिनिटांऐवजी साडेतीन मिनिटांची भरते. ही चूक कुठून येते, हे एक फीत हातात घेऊन पाहिले की नीट समजते.

समजा, विषय आहे सोयाबीनच्या घरगुती बियाण्याची उगवणक्षमता तपासण्याचा. चाचणी सोपी आहे. गोणपाटाचा ओला तुकडा पसरायचा, त्यावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा टाकून गुंडाळी करायची आणि ती सावलीत ओलसर ठेवायची. काही दिवसांनी गुंडाळी उघडून चांगले कोंब मोजायचे. शंभरातले सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. सत्तरच्या खाली उगवण जसजशी घसरते तसतसे प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो बियाणे वाढवायचे, म्हणजे साठ टक्क्यांना ३५ किलो होते. या फितीच्या निवेदनात २७० शब्द आहेत आणि मर्यादा आहे तीन मिनिटांची.

२७० भागिले १५०, म्हणजे १०८ सेकंद. एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. मर्यादेला अजून सव्वा मिनिट शिल्लक दिसते आणि लेखकाला आणखी एक परिच्छेद घालायचा मोह होतो.

पहिली गफलत त्या दीडशेच्या आकड्यातच आहे. हा आकडा इंग्रजी निवेदनाचा आहे. इंग्रजीत शब्दयोगी भाग सुटे लिहिले जातात, मराठीत ते शब्दाला चिकटतात. हिंदीतले ‘किसानों के लिए’ संगणक तीन शब्द म्हणून मोजतो, मराठीतले ‘शेतकऱ्यांसाठी’ एक शब्द म्हणून. ‘पेरणीपूर्वीच्या’, ‘गोणपाटावरच्या’, ‘उगवल्याशिवाय’ हे सगळे मोजणीत एकेकच. तोंडाला मात्र त्यातले प्रत्येक अक्षर उच्चारावे लागते. म्हणून सारख्याच वेगाने बोलणाऱ्या माणसाचे मराठी शब्द मिनिटाला कमी भरतात. भाषेभाषेतला हा फरक लहान नाही. फ्रान्समधल्या लिऑनच्या संशोधकांनी २०११ साली सात भाषांची तुलना केली, तेव्हा जपानी वाचकांची सेकंदाला जवळपास आठ अक्षरे भरली आणि मँडरिन चिनी वाचकांची पाचच्या थोडी वर. तरीही ठरावीक वेळात पोहोचणारा मजकूर बऱ्याच अंशी सारखाच निघाला. वेग भाषेच्या बांधणीवर ठरतो. त्यामुळे एका भाषेतला शब्दांचा आकडा उचलून दुसरीत वापरता येत नाही.

मग मराठीचा आकडा किती? सगळ्यांना लागू होईल असा एक आकडा शोधण्यापेक्षा आपल्या निवेदकाचा आकडा काढावा, आणि ते दहा मिनिटांचे काम आहे. संहितेच्या मधलाच एक बऱ्यापैकी लांब तुकडा घ्यावा. सुरुवात घेऊ नये, कारण तिथे माणूस जपून वाचतो. मग जो प्रत्यक्ष निवेदन करणार आहे त्यालाच तो, मायक्रोफोनसमोर वाचेल तसा, पूर्ण आवाजात वाचायला लावावा. मनातल्या मनात किंवा पुटपुटत वाचले तर वेळ कमी भरते. लेखकाने स्वतः वाचले तरीही कमीच भरते, कारण पुढचे वाक्य त्याला आधीच ठाऊक असते. आपल्या उदाहरणातल्या निवेदिकेने शेतकऱ्यांसाठी शांतपणे वाचले तेव्हा वेग मिनिटाला १२० शब्द भरला असे धरू. म्हणजे एका शब्दाला अर्धा सेकंद, हिशेबाला सोयीचा. २७० शब्दांना १३५ सेकंद लागतात, सव्वादोन मिनिटे. एवढ्यानेच सत्तावीस सेकंद वाढले.

शब्दमोजणीत आणखी काही फसव्या जागा आहेत. ‘२०२५-२६’ हा संगणकाला एक शब्द, पण निवेदिकेला ‘दोन हजार पंचवीस सव्वीस’ असे चार शब्द बोलावे लागतात. ‘कृ.उ.बा.स.’ एक दिसतो आणि ‘कृषी उत्पन्न बाजार समिती’ असा वाचला जातो. आकडे आणि संक्षेप भरपूर असलेल्या संहितेत हा फरक काही सेकंदांचा होतो, म्हणून वेळेचा अंदाज काढण्याच्या प्रतीत ते अक्षरी लिहावेत. उलट दिशेची चूकही होते. डाव्या रकान्यात दृश्य आणि उजव्या रकान्यात निवेदन अशी दोन रकानी संहिता असेल आणि सगळे पान निवडून शब्द मोजले, तर ‘क्लोजअप, हात, गोणपाट’ हेही निवेदनात जमा होते. मोजायचा तो फक्त उजवा रकाना.

आता विरामांकडे. इथे अनेकजण दुहेरी मोजणी करतात. मोठ्याने वाचून काढलेल्या वेगात स्वल्पविरामाचे, पूर्णविरामाचे, श्वास घेण्याचे थांबे आधीच सामावलेले असतात. त्यांच्यासाठी पुन्हा दहा-पंधरा टक्के वाढवले तर ते दोनदा मोजले जातात. वेगळे धरायचे ते थांबे निराळे असतात. ते लेखकाने मुद्दाम ठेवलेले असतात आणि त्या वेळी आवाज थांबून चित्र किंवा संगीत चालू राहते. बियाण्याच्या फितीत असे तीन आहेत. सुरुवातीचा प्रश्न विचारून झाल्यावर, ‘काही दिवसांनी’ अशी पाटी येते तेव्हा आणि समारोपाच्या आधी. प्रत्येकी दोन सेकंद धरले तर सहा सेकंद. हे थांबे संहितेत कंसात सेकंदांसह लिहिलेले असावेत. नुसते ‘विराम’ लिहिले तर एकजण अर्धा सेकंद थांबतो आणि दुसरा तीन.

इथपर्यंतचा हिशेब रेडिओला पुरतो. चित्रफितीत मात्र घड्याळे दोन असतात, एक आवाजाचे आणि एक चित्राचे. सगळ्या प्रकरणाचे मर्म इथेच आहे. निवेदन आणि कृती बहुतेक ठिकाणी एकाच वेळी चालतात, एकामागून एक चालत नाहीत. म्हणून त्या वेळांची बेरीज करायची नसते. प्रत्येक प्रसंगात दोन्हींपैकी जी वेळ मोठी असेल ती धरायची असते. आवाज पंधरा सेकंदांचा आणि गुंडाळी करण्याची कृती पस्तीस सेकंदांची असेल तर तो प्रसंग पस्तीस सेकंदांचा. आवाज वीस सेकंदांचा आणि शेताची दृश्ये हवी तेवढी छोटी करता येत असतील तर तो प्रसंग वीसचा. आवाजातला एखादा थांबा लांब कृतीच्या पोटात पडत असेल, तर त्याची वेगळी वेळ लागतच नाही.

यासाठी संहितेचे प्रसंग पाडावे लागतात आणि कृतींना खरी वेळ द्यावी लागते. ही वेळ टेबलाशी बसून ठरवता येत नाही. जो माणूस पडद्यावर गुंडाळी करणार आहे त्याच्या हातात ओले गोणपाट द्यावे आणि मोबाइलचे स्टॉपवॉच चालू करावे. कॅमेऱ्यासमोर हात नेहमीपेक्षा सावकाश चालतात, कारण जवळून दाखवायची गोष्ट क्षणभर स्थिर धरावी लागते. सरावातली वेळ तीस सेकंद आली तर चित्रीकरणातली पस्तीस धरावी.

खरी वेळ आणि पडद्यावरची वेळ यांतही निवड करावी लागते. शंभर दाणे मांडायला दोन-तीन मिनिटे सहज जातात. ती सगळी दाखवण्याचे कारण नाही, कारण दहा ओळींमध्ये एकच हालचाल पुन्हा पुन्हा होते. पहिली ओळ पूर्ण दाखवावी, मग पाच ओळी झालेल्या, मग दहा. पंचवीस सेकंदांत भागते. गुंडाळी करण्याचे मात्र उलट आहे. कापड किती सैल ठेवायचे, कडा कशा दुमडायच्या, दोरी कुठे बांधायची हे पाहणाऱ्याच्या हातांना शिकायचे आहे आणि तिथे प्रत्येक हालचाल नवी आहे. ती कृती तोडू नये. ज्या हालचालीची नक्कल पाहणाऱ्याला करायची आहे ती सलग, आणि जी पुन्हा पुन्हा येते ती कापून, ही कसोटी जवळपास प्रत्येक प्रात्यक्षिकाला लावता येते.

तिसरा भाग पडद्यावरच्या मजकुराचा. त्याचेही स्वतःचे घड्याळ आहे, वाचणाऱ्याच्या डोळ्यांचे. बीबीसीच्या उपशीर्षकांच्या मार्गदर्शिकेत मिनिटाला १६० ते १८० शब्द असा वेग सुचवला आहे, म्हणजे शब्दामागे एक तृतीयांश सेकंद किंवा किंचित जास्त. हाही इंग्रजीचा आकडा. मराठीच्या लांब शब्दांना आणि सवयीने वाचन न करणाऱ्या प्रेक्षकाला तो अपुरा आहे. साधी पद्धत अशी की पडद्यावरचा मजकूर मोठ्याने, घाई न करता दोनदा वाचून पाहावा आणि तेवढा वेळ तो पडद्यावर ठेवावा. निवेदिका नेमके तेच शब्द बोलत असेल तर तिचे बोलणे संपेपर्यंतची वेळ पुरेशी असते.

तक्त्याला ही पद्धत लागू पडत नाही. तक्ता कोणी ओळीने वाचत नाही. आधी त्याला दोन रकाने कशाचे आहेत ते समजावे लागते, मग त्याची नजर आपली ओळ शोधते आणि तिच्यावरून पलीकडे जाते. बियाण्याच्या फितीत पाच ओळींचा तक्ता आहे. उगवण ७०, ६८, ६५, ६२ आणि ६० टक्के, त्यासमोर एकरी ३०, ३१, साडेबत्तीस, ३४ आणि ३५ किलो. ज्याने हा तक्ता आधी पाहिलेला नाही अशा कोणाला तरी तो दाखवावा. ‘तुमचे ६५ दाणे उगवले, बियाणे किती घ्याल?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंतची वेळ मोजावी. तिच्यात तक्ता पडद्यावर उमटण्याचा आणि जाण्याचा वेळ मिळवून आपल्या उदाहरणात पंचवीस सेकंद धरले आहेत. त्यावरचे निवेदन तीस शब्दांचे, पंधरा सेकंदांचे आहे. उरलेले दहा सेकंद आवाज गप्प असायला हवा. निवेदिका तेव्हा दुसरीच माहिती सांगू लागली तर कान एकीकडे आणि डोळे दुसरीकडे जातात आणि दोन्ही अर्धवट राहते. संहितेत ‘तक्ता’ एवढाच शब्द लिहिलेला असतो, पण वेळेच्या हिशेबात तो शब्द बराच मोठा आहे.

आता सगळी फीत प्रसंगांनुसार मांडता येईल. सुरुवातीचे निवेदन ४० शब्दांचे, वीस सेकंद, चित्राचा अडसर नाही. साहित्य दाखवण्याचा प्रसंग ३० शब्दांचा, आवाज पंधरा, कृती बारा, म्हणून पंधरा. दाणे मांडणे ४० शब्द, आवाज वीस, कृती पंचवीस, म्हणून पंचवीस. गुंडाळी करणे ३० शब्द, आवाज पंधरा, कृती पस्तीस, म्हणून पस्तीस. गुंडाळी ओलसर कशी ठेवायची याचे ३० शब्द, आवाज पंधरा, चित्र दहा, म्हणून पंधरा. गुंडाळी उघडून कोंब मोजण्याचे ५० शब्द, आवाज पंचवीस. पण सडलेला, मोडका आणि चांगला कोंब जवळून वेगवेगळे दाखवायचे असल्याने कृती चाळीस, म्हणून चाळीस. तक्ता पंचवीस. समारोप २० शब्द, दहा सेकंद. एकूण १८५ सेकंद. त्यात शीर्षकाचे सहा, शेवटच्या पाटीचे पाच आणि तीन थांब्यांचे सहा मिळवले की २०२ सेकंद होतात, म्हणजे तीन मिनिटे बावीस सेकंद.

दीडशेच्या भागाकाराने आलेली एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंदांची वेळ यापासून फार दूर आहे. पण सावध माणूसही उलट बाजूला तेवढाच चुकू शकतो. निवेदनाच्या १३५ सेकंदांत सगळ्या कृती आणि तक्ता यांचे १४७ सेकंद सरळ मिळवले आणि बाकीचे सतरा त्यावर टाकले, तर एक सेकंद कमी पाच मिनिटे होतात. असा अंदाज पाहून लेखक घाबरून निम्मा मजकूर छाटून टाकतो आणि फीत विनाकारण पोकळ होते.

हा हिशेब तक्त्याच्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीत बसतो. B रकान्यात प्रसंगाचे शब्द, C मध्ये कृतीचे सेकंद, D मध्ये पडद्यावरच्या मजकुराचे सेकंद आणि E मध्ये प्रसंगानंतरचा थांबा:

```
=MAX(B2*0.5, C2, D2)+E2
```

०.५ च्या जागी आपल्या निवेदकाचे दर शब्दाचे सेकंद घालायचे. C आणि D एकाच वेळी चालत नसतील, म्हणजे आधी कृती आणि मग मजकूर असेल, तर तो एक प्रसंग नव्हे, त्याच्या दोन ओळी कराव्यात.

या मांडणीचा खरा उपयोग बावीस सेकंद कमी करताना कळतो. वेळ जास्त झाली की पहिला हात निवेदनावर पडतो. पण गुंडाळीच्या, कोंबांच्या आणि तक्त्याच्या प्रसंगातले सगळे ११० शब्द काढून टाकले तरी फीत एका सेकंदानेही लहान होत नाही, कारण तिथे वेळ चित्राने ठरते. शब्द कापायचे ते जिथे आवाज मोठा आहे तिथे. सुरुवातीचे ४० शब्द २० केले तर दहा सेकंद वाचतात. ओलसर ठेवण्याच्या प्रसंगातले दहा शब्द काढले तर पाच. साहित्याच्या प्रसंगातले सहा काढले तर तीन. एकूण अठरा झाले. उरलेल्यासाठी चित्राला हात लावावा लागतो. तक्त्यात ७०, ६५ आणि ६० या तीनच ओळी ठेवल्या आणि ‘प्रत्येक टक्क्यामागे अर्धा किलो’ हा नियम निवेदनात सांगितला, तर पंचविसाच्या जागी अठरा सेकंद पुरतात. फीत आता १७७ सेकंदांवर येते, दोन मिनिटे सत्तावन्न.

सुरुवातीतून काढलेले वीसही शब्द फेकून द्यायची गरज नाही. ‘दाण्याचे आवरण पातळ असते, त्याला इजा झाली की उगवण घसरते’ हे वाक्य त्यातलेच असेल तर ते दाणे मांडण्याच्या प्रसंगात बसते. तिथे आवाज वीस आणि कृती पंचवीस सेकंदांची आहे, म्हणजे आणखी दहा शब्द फुकट मावतात, आणि पाहणाऱ्यासमोर तेव्हा दाणाच असतो. गुंडाळीच्या प्रसंगात तर वीस सेकंद रिकामे आहेत. पण ती जागा भरू नये असेच वाटते. तिथे पाहणाऱ्याचे सारे लक्ष हातांकडे हवे, आणि त्या शांततेत गोणपाटाचा, दोरीचा आवाज पुरेसा आहे.

या अंदाजाला मर्यादा आहेत. शेतकरी कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या शब्दांत बोलणार असेल तर त्याचे शब्द आधी मोजता येत नाहीत. तशा बाईटला संहितेत सेकंद नेमून द्यावेत आणि संकलनात तेवढाच भाग घ्यावा. निवेदक बदलला तर दर शब्दाचा आकडा नव्याने काढावा लागतो. तीन सेकंदांची सवडही तशी कमीच आहे. तीन मिनिटांची सक्त मर्यादा असेल तर कागदावर दोन मिनिटे पन्नास सेकंदांवर थांबलेले बरे.

अंदाज चुकला आहे हे संकलनात सहज ओळखू येते. प्रसंगाच्या शेवटी चित्र गोठवून ठेवावे लागले, तर तिथे आवाज चित्रापेक्षा मोठा होता. मधेच संगीताचा लांब पट्टा भरावा लागला, तर कृती मोठी होती आणि तिची वेळ कोणी मोजलीच नव्हती. निवेदिका शेवटच्या अर्ध्या मिनिटात धावत वाचत असेल, तर मर्यादा पाळण्याचा भार तिच्या श्वासावर टाकला गेला आहे. या तिन्ही खुणा दिसेपर्यंत चित्रीकरण होऊन गेलेले असते आणि गुंडाळीचा तोच शॉट पुन्हा घ्यायला सोयाबीनच्या पेरणीचा हंगाम थांबत नाही. म्हणून चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी मोबाइलवर संहितेचे कच्चे वाचन रेकॉर्ड करावे आणि ते चालू ठेवून कोणाकडून तरी समोर प्रत्यक्ष गुंडाळी करून घ्यावी.